केअर प्लॅनमधला ३२ हा आकडा कुठे हरवला?

*मॅडम, मी जीएनएम दुसऱ्या वर्षाला आहे. प्रिलिमला ८ गुणांना हा प्रश्न होता: "५८ वर्षांच्या महिला, सीओपीडी, तीन दिवसांपासून धाप वाढल्याने दाखल. घट्ट पिवळसर कफ, खोकला येतो पण कफ सुटत नाही, बोलताना वाक्य तुटतं. रेस्पिरेशन ३२, पल्स ११०, सॅच्युरेशन ऑक्सिजनशिवाय ८४ टक्के, दोन्ही बाजूंना ऱ्हॉन्काय. दोन दिवस नीट जेवण नाही. नर्सिंग प्रोसेस वापरून केअर प्लॅन लिहा." मी पाच डायग्नोसिस घेतले, तीन पानं तक्ता भरला आणि ३ गुण मिळाले. ट्यूटरांचा शेरा फक्त 'लिंक नाही'. जुन्या पेपरांत कधी 'केअर प्लॅन', कधी 'नर्सिंग मॅनेजमेंट' असं विचारतात, त्यात फरक काय? आणि पेशंट कागदावरचा असताना इव्हॅल्युएशनमध्ये लिहायचं तरी काय? उत्तराचा फोटो सोबत पाठवते.*
*— एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा*

तुझ्या उत्तराचा फोटो मोठा करून दोनदा वाचला. माहिती बहुतेक सगळी बरोबर आहे, म्हणून तर ३ गुण बघून तुला इतकं लागलं असणार. आता तूही तो फोटो समोर घे आणि एक काम कर. पहिल्या रकान्यात 'रेस्पिरेशन ३२' लिहिलं आहेस, त्यावर बोट ठेव आणि आडवं सरकत जा. डायग्नोसिसमध्ये ३२ नाही. गोलमध्ये 'श्वास सुधारणे' आहे. इंटरव्हेन्शनमध्ये 'व्हायटल्स चेक केले' आहे. इव्हॅल्युएशनमध्ये 'पेशंटला बरं वाटलं'. पाचही ओळींत शेवटी 'पेशंटला बरं वाटलं' हेच आहे. जो ३२ घेऊन बाई दाखल झाल्या, त्याचं पुढे काय झालं, हे तीन पानांत कुठेच कळत नाही.

तक्ता तू उभा भरलास, तपासणारा तो आडवा वाचतो. ट्यूटरांनी म्हटलेली लिंक ती हीच. तू आधी सगळ्या असेसमेंट लिहिल्यास, मग खाली खाली सगळे डायग्नोसिस, मग सगळे गोल. प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे पाठांतरातून आला. पुढच्या वेळी एक ओळ शेवटपर्यंत पूर्ण केल्याशिवाय दुसरी सुरू करू नकोस. एवढी एक सवय बदललीस तरी निम्मा प्रश्न सुटेल. उरलेला निम्मा आपण याच बाईंवर करून बघू.

असेसमेंटपासून सुरुवात करू. इथे तू प्रश्नातली सगळी माहिती एकाच ढिगात ओतलीस. तिचे आधी दोन भाग कर: पेशंट जे सांगते ते सब्जेक्टिव्ह, आणि तुला दिसतं, ऐकू येतं, मोजता येतं ते ऑब्जेक्टिव्ह. "कफ छातीत चिकटून बसलाय, सुटत नाही" हे सब्जेक्टिव्ह. ३२, ११०, ८४ आणि ऱ्हॉन्काय हे ऑब्जेक्टिव्ह. "वाक्य तुटतं" हे मात्र बहुतेक मुली सब्जेक्टिव्हमध्ये टाकतात, कारण त्यात बोलणं आहे. पण ते तुझ्या कानांनी टिपलेलं निरीक्षण आहे, तेव्हा ते ऑब्जेक्टिव्ह.

मी स्टाफ नर्स असताना वॉर्डात अशीच एक आजी आली होती. पलंगाच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून बसलेली. गाव विचारलं तर गावाचं नाव दोन श्वासांत तोडून सांगितलं. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला दोरीसारखे ताणले जात होते. आयुष्य चुलीपुढे गेलेलं, विडी-तंबाखू कधीच नाही. सीओपीडी म्हटलं की मुली डोळे झाकून 'स्मोकिंग' लिहितात. आपल्याकडे चुलीचा धूर हेही तितकंच खरं कारण आहे, आणि हिस्ट्री घेताना 'स्वयंपाक कशावर करता' हे विचारावंच लागतं. तुझ्या प्रश्नात मात्र कारण दिलेलं नाही. तेव्हा 'स्मोकिंगची हिस्ट्री आहे' असं ठोकून देऊ नकोस. 'धूम्रपान व चुलीच्या धुराचा संपर्क विचारून नोंदवणे' असं लिही. दिलेली माहिती जशीच्या तशी उचलायची, न दिलेली 'तपासायची' म्हणून लिहायची. आपल्या मनाचं तापमान आणि बीपी टाकून रकाना भरलास तर तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं, कारण प्रश्न त्याच्या समोरच असतो.

आता डायग्नोसिस. तू पहिला लिहिलास: 'इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज रिलेटेड टू सीओपीडी'. इथे दोन गोष्टी चुकल्या आहेत.

पहिली चूक 'रिलेटेड टू' नंतरच्या शब्दाची. सीओपीडी हा डॉक्टरांनी दिलेला आजार आहे. तो नर्सच्या हाताने हलत नाही. 'रिलेटेड टू'च्या पुढे असं कारण हवं, ज्यावर तुझी इंटरव्हेन्शन काम करू शकते. घट्ट कफ पातळ करता येतो, दमलेल्या पेशंटला कमी श्रमात खोकायला शिकवता येतं. म्हणून कारण 'घट्ट व वाढलेला कफ आणि परिणामकारक न होणारा खोकला'. 'सेकंडरी टू सीओपीडी' असं शेवटी जोडलंस तर चालतं, पण कारणाच्या जागी ते येऊ देऊ नकोस. कारण नीट लिहिलं की इंटरव्हेन्शन आठवावी लागत नाहीत, त्या कारणातूनच निघतात. मला विचारशील तर अख्ख्या तक्त्यात सर्वांत जास्त विचार करून लिहायची जागा ही आहे.

दुसरी चूक क्रमाची. वायुमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हा क्रम तुला पाठ आहे, तो इथे लावायचा. या बाईंचा कफ अडकलाय आणि खोकून निघत नाही, म्हणजे अडचण वायुमार्गातच आहे. पहिला डायग्नोसिस इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स. दुसरा इम्पेअर्ड गॅस एक्स्चेंज, कारण सॅच्युरेशन ८४ आहे. प्रश्नात कफ नसता आणि पेशंट गुंगीत, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढलेला असा दिला असता, तर गॅस एक्स्चेंज पहिला आला असता. म्हणजे सीओपीडीची डायग्नोसिसची यादी पाठ करता येते, पण तिचा क्रम पाठ करता येत नाही. तो प्रत्येक प्रश्नातल्या आकड्यांवरून ठरवावा लागतो.

तिसरी गोष्ट, तू 'रिस्क फॉर इन्फेक्शन ॲज एव्हिडन्स्ड बाय पिवळा कफ' लिहिलं आहेस. 'रिस्क' म्हणजे अजून घडलेलं नाही. जे घडलेलंच नाही त्याची लक्षणं कुठून येणार? रिस्कच्या डायग्नोसिसला 'रिस्क' आणि त्याचं कारण एवढेच दोन भाग असतात. प्रत्यक्ष असलेल्या समस्येला तीन भाग: समस्या, कारण, लक्षणं. शिवाय रंग बदललेला घट्ट कफ हे इन्फेक्शन आधीच असल्याचं चिन्ह असू शकतं, त्यामुळे ती ओळ इथे दोन्ही बाजूंनी लंगडी पडते.

तर पहिला डायग्नोसिस असा लिही: 'इनइफेक्टिव्ह एअरवे क्लिअरन्स, रिलेटेड टू घट्ट व वाढलेला कफ आणि अपुरा खोकला, ॲज एव्हिडन्स्ड बाय रेस्पिरेशन ३२, दोन्ही बाजूंना ऱ्हॉन्काय आणि कफ बाहेर टाकता न येणे.' बघ, ३२ एक घर पुढे सरकला.

पुढचं घर गोलचं. 'श्वास सुधारणे'च्या जोडीला तू लिहिलंस, 'पेशंटला आरामदायी पोझिशन देणे'. ते तुझं काम झालं, पेशंटचा गोल नाही. गोलच्या वाक्यात कर्ता पेशंट असतो, क्रियापद दिसणारं असतं, आकडा असतो आणि वेळ असते. 'पेशंट ८ तासांत कफ खोकून बाहेर टाकेल, रेस्पिरेशन ३२ वरून २४ किंवा त्याखाली येईल, आणि श्वासाचे आवाज दोन्ही बाजूंना अधिक स्पष्ट ऐकू येतील.' इथे '१६ ते २० होईल' असं पुस्तकी नॉर्मल लिहू नकोस. वर्षानुवर्षं फुप्फुसं खराब झालेल्या बाईंचा रेट एका शिफ्टमध्ये १६ होणार नाही, आणि गोल अशक्य असला की इव्हॅल्युएशन खोटं लिहावं लागतं. लांबचा गोल हवाच असेल तर 'डिस्चार्जपर्यंत पेशंट हफ कफिंग आणि इनहेलर वापरणं स्वतः करून दाखवेल' हा चांगला.

आता प्लॅनिंग आणि इंटरव्हेन्शन, जिथे तुझी दीड पानं खर्च झाली. तुझ्या प्लॅनिंगमध्ये 'पोझिशन देणे, नेब्युलायझेशन देणे, पाणी देणे' आहे आणि शेजारच्या रकान्यात 'पोझिशन दिली, नेब्युलायझेशन दिले, पाणी दिले'. अशा तक्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे मी तपासले आहेत. क्रियापद बदलून तेच वाक्य पुन्हा लिहिल्याचे वेगळे गुण मी कधी दिले नाहीत, आणि माझ्या बरोबर तपासायला बसणाऱ्या कुणीही दिलेले पाहिले नाहीत. प्लॅनिंगमध्ये काय करायचं आणि का, एवढं लिही. इम्प्लिमेंटेशनमध्ये किती, कसं, केव्हा ते लिही. मग दोन्ही रकाने आपापलं काम करतात.

याच ओळीवर लिहून दाखवते. प्लॅनिंग: 'फुप्फुसांना पसरायला जागा मिळावी म्हणून बसती पोझिशन.' इम्प्लिमेंटेशन: 'पलंगाचं डोकं ६० ते ९० अंश उचललं, पुढे ओव्हरबेड टेबलवर उशी ठेवून त्यावर हात टेकायला दिले.' प्लॅनिंग: 'श्वासनलिका रुंद व्हाव्यात आणि कफ सुटावा म्हणून आदेशानुसार नेब्युलायझेशन.' इम्प्लिमेंटेशन: 'साल्ब्युटामॉल व इप्राट्रोपियमचं नेब्युलायझेशन डॉक्टरांच्या आदेशानुसार दिलं, आधी व नंतर पल्स मोजली.' पल्स मोजण्याचं कारण तुला सांगायला नको: साल्ब्युटामॉलने पल्स वाढते, हात थरथरतात, आणि या बाईंची पल्स आधीच ११० आहे. असा एक तपशील लिहिला की तपासणाऱ्याला कळतं, ही मुलगी वॉर्डात उभी राहिलेली आहे.

त्यानंतर खोकला. 'डीप ब्रीदिंग अँड कफिंग एक्सरसाइज शिकवली' हे सगळेच लिहितात. तू कृती लिही: 'बसवून, दोन-तीन हळू खोल श्वास घ्यायला लावले, मग तोंड उघडं ठेवून आरसा धुरकट करताना सोडतो तसा जोरात "हा" करत श्वास सोडायला लावला, शेवटी खोकून कफ मगमध्ये.' हे हफ कफिंग. एकामागून एक जोरजोरात खोकण्यापेक्षा यात श्रम कमी लागतात, आणि धाप लागलेल्या पेशंटला तेवढंच झेपतं. चेस्ट फिजिओथेरपी लिहिणार असशील तर नेब्युलायझेशननंतर आणि जेवणाआधी लिही. भरल्या पोटी केली तर उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आणि पाणी: 'कफ पातळ होण्यासाठी दिवसाला २ ते २.५ लिटर कोमट द्रव, हृदय किंवा किडनीचा आजार नसल्यास.' हे शेवटचे शब्द विसरू नकोस. जुन्या सीओपीडीत हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन पायांना सूज आलेली असू शकते. अशा पेशंटला सरसकट भरपूर पाणी लिहिलं तर ती चूक धरली जाते.

एक चूक मात्र मी गुणांपलीकडची मानते, आणि ती तुझ्या दुसऱ्या ओळीत आहे: 'ऑक्सिजन ६ ते ८ लिटर मास्कने दिला'. सॅच्युरेशन ८४ बघून हात तिकडेच जातो, मला माहीत आहे. पण सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये ऑक्सिजनचा मारा झाला की कार्बन डायऑक्साइड साचत जातो. फुप्फुसाचे जे भाग नीट काम करत नाहीत तिकडेही रक्त वळतं, रक्ताची कार्बन डायऑक्साइड वाहून नेण्याची ताकद कमी होते, आणि श्वासाचा रेटाही थोडा मंदावतो. सॅच्युरेशन ९८ दिसतं आणि पेशंट गुंगीत जातो. म्हणून या आजारात सॅच्युरेशनचं लक्ष्य ८८ ते ९२ टक्के असतं. लिहायचं असं: 'आदेशानुसार व्हेन्चुरी मास्कने २४ ते २८ टक्के, किंवा नेझल प्रॉन्ग्जने मिनिटाला १ ते २ लिटर ऑक्सिजन; सॅच्युरेशन ८८ ते ९२ दरम्यान ठेवणे; गुंगी, गोंधळलेपणा, सकाळची डोकेदुखी यांवर लक्ष; आदेशानुसार एबीजी.' आणि मग दुसऱ्या ओळीचा गोलही आपोआप ठरतो: 'पेशंटचं सॅच्युरेशन नियंत्रित ऑक्सिजनवर एका तासात ८८ ते ९२ टक्के होईल आणि पेशंट सावध राहील.' तुझ्या उत्तरात गोल '९५ ते १०० टक्के' होता. निरोगी माणसासाठी तो ठीक, या बाईंसाठी धोक्याचा.

आता तू विचारलेला इव्हॅल्युएशनचा प्रश्न. पेशंट कागदावरचा आहे, म्हणून आकडा लिहायला तुझा हात अडखळला आणि 'बरं वाटलं'वर भागवलंस. परीक्षेत इव्हॅल्युएशन म्हणजे गोलचं वाक्य पुन्हा समोर ठेवून 'झालं का' हे विचारणं. गोलमध्ये जे मोजायचं ठरवलं, तेच इथे मोजलेलं दाखव. आकडे तू गृहीत धरलेल्या परिणामाचे असतात, आणि तपासणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. वॉर्डातल्या खऱ्या फाईलमध्ये मात्र न मोजलेला एकही आकडा कधी लिहू नकोस. परीक्षेची ही सवय तिकडे नेऊ नकोस, एवढं मनापासून सांगते.

तर पहिल्या ओळीचं इव्हॅल्युएशन: '८ तासांनंतर पेशंटने घट्ट पिवळसर कफ खोकून टाकला, रेस्पिरेशन ३२ वरून २६, डाव्या बाजूला हवा चांगली जाते, उजव्या तळाला ऱ्हॉन्काय अजून आहेत. गोल अंशतः साध्य. नेब्युलायझेशन व हफ कफिंग सुरू ठेवणे, ४ तासांनी पुन्हा तपासणे.' गोल २४ चा होता, आला २६, म्हणून 'अंशतः'. प्रत्येक गोल 'पूर्ण साध्य' दाखवायची गरज नाही. अंशतः साध्य झालेला गोल आणि त्यापुढचा बदल लिहिलास की नर्सिंग प्रोसेस हे एक चक्र आहे हे तुला कळल्याचं दिसतं, कारण इव्हॅल्युएशन पुन्हा असेसमेंटकडे घेऊन जातं.

'ऱ्हॉन्काय कमी झाले' एवढंच लिहून थांबू नकोस, हेही इथेच सांगते. हवा आत जाणंच जवळजवळ बंद झालं तरी ऱ्हॉन्काय ऐकू येत नाहीत. छाती शांत, पेशंट दमलेला, झोपाळू: ही सुधारणा नसून धोक्याची घंटा आहे. म्हणून वर मी 'हवा चांगली जाते' हे शब्द घातले. ऱ्हॉन्काय, हवेचा प्रवेश आणि पेशंटची सावधता ही तिन्ही एकत्र लिही.

जुन्या पेपरांतल्या शब्दांकडे येते. 'केअर प्लॅन लिहा' म्हटलं की तक्ता. 'नर्सिंग मॅनेजमेंट लिहा' म्हटलं की तक्ता सक्तीचा नाही, पण त्याच पाच पायऱ्या उपशीर्षकं करून परिच्छेदात लिही. नुसती औषधांची यादी लिहिणाऱ्या मुली इथेच पडतात, कारण ती मेडिकल मॅनेजमेंट झाली. 'प्राधान्यक्रमाने नर्सिंग डायग्नोसिसची यादी करा' असं असेल तर फक्त यादी, पूर्ण वाक्यांत आणि क्रमाने. तिथे इंटरव्हेन्शन लिहून वेळ घालवायचा नाही. 'पहिल्या २४ तासांतला केअर प्लॅन' असेल तर घरगुती आहार आणि फॉलोअपचे गोल बाजूला ठेवायचे.

काही जुन्या पुस्तकांत चारच पायऱ्या दिसतात, त्याने गोंधळू नकोस. १९६७ मध्ये युरा आणि वॉल्श यांनी नर्सिंग प्रोसेस चार पायऱ्यांत मांडली, तेव्हा डायग्नोसिस असेसमेंटच्या पोटात होतं. १९७३ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनच्या मानकांत डायग्नोसिसला वेगळी जागा मिळाली. तुझ्या पेपरने पाच पायऱ्या विचारल्यात, पाचच लिही. प्रश्नात 'इंटरव्हेन्शन' शब्द असेल तर रकान्यालाही तोच मथळा दे, 'इम्प्लिमेंटेशन' असेल तर तो. रॅशनलचा वेगळा रकाना मागितलेला नसेल तर कारण प्लॅनिंगच्या वाक्यातच घाल, वर केलं तसं.

किती डायग्नोसिस घ्यायचे? तुमचा पेपर ७५ गुणांचा आणि ३ तासांचा, म्हणजे एका गुणाला जवळपास अडीच मिनिटं. ८ गुणांना १९-२० मिनिटं मिळतात. तेवढ्यात पाच ओळी नीट भरणं कुणालाच जमत नाही, म्हणून तर तुझ्या पाचही ओळी अर्ध्या राहिल्या. आधी चार-पाच डायग्नोसिसची क्रमवार यादी एकेका वाक्यात लिही: एअरवे, गॅस एक्स्चेंज, ॲक्टिव्हिटी इनटॉलरन्स, कमी खाण्यामुळे पोषणाची कमतरता, ॲन्झायटी. मग पहिल्या दोन आडव्या, शेवटपर्यंत पूर्ण कर. वेळ उरला तर पोषणाची तिसरी: थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा, जेवणाआधी तोंड स्वच्छ करून आणि विश्रांती देऊन, कारण धापेत घास गिळणंही श्रमाचं असतं. प्रश्नात 'कोणत्याही तीन समस्यांसाठी' असा आकडा दिलेला असेल तर अर्थात तो पाळायचा, आणि मग प्रत्येकीत इंटरव्हेन्शन चार-चारच ठेवायच्या.

तक्ता आखताना उत्तरपत्रिकेची समोरासमोरची दोन पानं घे. असेसमेंट, डायग्नोसिस आणि गोल डाव्या पानावर, प्लॅनिंग, इंटरव्हेन्शन आणि इव्हॅल्युएशन उजव्या पानावर. एकाच पानावर सहा रकाने कोंबले की प्रत्येकात तीनच शब्द मावतात, आणि तुझ्या फोटोत दिसतं तसा पहिल्यांदा कापला जातो तो आकडा. याच बाईंचा तक्ता या रविवारी २० मिनिटांचं घड्याळ लावून पुन्हा लिही, ३२ वर बोट ठेवून शेवटच्या रकान्यापर्यंत जा, आणि नवा फोटो पाठव. मी वाचते.